खातं गोठवलं कोणी?

छोट्या व्यापाऱ्याचं खातं गोठलं की ते त्याला बहुतेक वेळा माल पुरवणाऱ्याच्या फोनवरून कळतं. "शेठ, पैसे आले नाहीत अजून." मग तो ॲप उघडतो. शिल्लक जागच्या जागी दिसते, पण पाठवलेली रक्कम जात नाही. शाखेत गेलं तर समोरचा अधिकारी पडद्याकडे पाहून म्हणतो, "सिस्टीमनं लावलंय, हेड ऑफिसला मेल टाकलाय." कशामुळे लावलं, किती दिवस राहणार, कुणाला विचारायचं, यांतल्या कशाचंच उत्तर मिळत नाही. तो अधिकारी खोटं बोलत असतो असंही नाही. फसवणूक शोधणारी यंत्रणा आणि ती चालवणारी माणसं बँकेच्या मध्यवर्ती कार्यालयात असतात. शाखेच्या पडद्यावर फार तर एखादा संकेतांक आणि एका ओळीचा शेरा उमटतो.

या अवस्थेत माणूस तक्रारीचं पत्र लिहायला बसतो. बहुतेक पत्रं वाया जातात ती एकाच कारणानं. त्यांत लिहिणाऱ्यानं आपण प्रामाणिक आहोत हे चार परिच्छेदांत सांगितलेलं असतं आणि बँकेला विचारलेलं काहीच नसतं. "माझं खातं लवकरात लवकर चालू करावं ही विनंती" या वाक्याला "आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे" एवढं उत्तर पुरतं आणि तिथे फाइल बंद होते. चांगलं पत्र बँकेला असे प्रश्न विचारतं की त्यांचं उत्तर द्यावंच लागेल. त्यातला पहिला प्रश्न असा: खातं गोठवलं कोणी? बँकेनं स्वतः, की बाहेरून आलेल्या आदेशावरून? पुढचा सगळा रस्ता या उत्तरावर ठरतो.

एक उदाहरण घेऊ. ते मी रचलेलं आहे, पण असं घडायला लागणारी प्रत्येक गोष्ट नेहमीच्या व्यवहारातली आहे. डोंबिवलीत पूजासाहित्याचं छोटं दुकान आहे. वर्षभर उदबत्ती, कापूर, वाती, समया यांची विक्री. क्यूआर कोडवरून महिन्याला सत्तर हजारांच्या आसपास जमा होतात. श्रावणाच्या आगेमागे मात्र दुकानाचं रूप पालटतं. पेणजवळच्या हमरापूर-जोहे भागातून कच्च्या मूर्ती आणायच्या, रंगकाम करून घ्यायचं, दुकानासमोर मंडप घालून बुकिंग घ्यायचं. समजा २०२५ च्या हंगामात २५ जुलै ते १८ ऑगस्ट या काळात २४३ जणांनी बुकिंगचे मिळून ५ लाख ४० हजार रुपये या चालू खात्यात भरले. त्याच काळात ३ लाख २८ हजार बाहेर गेले. मूर्तिकाराला १ लाख ९० हजार, रंगकाम करणाऱ्यांना ७८ हजार आणि मंडप, पत्रे, रंग मिळून ६० हजार. आधीचे २४ हजार ४०० धरून खात्यात २ लाख ३६ हजार ४०० रुपये उरले. १८ ऑगस्टला खातं गोठलं. गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला. निम्म्या मूर्ती अजून कारखान्यात, आणि मूर्तिकार उरलेले पैसे मिळाल्याशिवाय गाडी भरून देणार नाही.

आता हाच व्यवहार यंत्राच्या बाजूनं पाहू. यंत्राला गणपती दिसत नाही. त्याला दिसतं ते असं: महिन्याला सत्तर हजारांची आवक असलेल्या खात्यात साडेतीन आठवड्यांत साडेपाच लाख आले. पैसे देणारे बहुतेक नवे, याआधी या खात्याशी त्यांचा व्यवहार नाही. रकमा ५०१, १००१, ११००, २१०० अशा ठरावीक. आलेल्यातले निम्म्याहून जास्त पैसे लगेच बाहेर, त्यातले काही रोखीनं. खातं उघडताना अर्जात वार्षिक उलाढाल ९ लाख लिहिलेली, म्हणजे त्यातला मोठा वाटा महिन्याभरात उरकला. सायबर चोर जी खाती भाड्यानं घेतात, ज्यांना बँकेत 'म्यूल अकाउंट' म्हणतात, त्यांची चालही अशीच असते. शांत पडलेलं खातं अचानक जागं होतं, अनोळखी माणसांचे पैसे येतात आणि टिकत नाहीत. अशी खाती ओळखायला बँकांच्या आपापल्या यंत्रणा आहेत. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या बंगळुरूच्या इनोव्हेशन हबनं 'म्यूलहंटर' नावाचं साधन तयार केलं असून त्याची घोषणा डिसेंबर २०२४ मध्ये झाली. प्रत्येक खात्याला जोखमीचे गुण मिळतात आणि गुण ठरलेल्या रेषेपुढे गेले की खात्यावर इशारा उमटतो. काही ठिकाणी तो इशारा माणूस तपासतो. काही ठिकाणी आधी खातं थांबतं आणि माणूस नंतर पाहतो.

अशा यंत्रणेत निर्दोष माणसं सापडतातच, आणि त्यासाठी यंत्र वाईट असावं लागत नाही. हिशेब सोपा आहे. समजा एका बँकेत १ लाख चालू खाती आहेत आणि त्यांतली १०० खरोखर भाड्याची आहेत. यंत्र इतकं चांगलं की त्यानं त्या शंभरातली ९५ पकडली आणि चांगल्या खात्यांपैकी फक्त शंभरात एका खात्यावर चुकून बोट ठेवलं. पण चांगली खाती ९९ हजार ९०० आहेत. त्यांचा शंभरावा भाग ९९९. म्हणजे इशारा उमटलेल्या १,०९४ खात्यांत खरी चोरांची ९५, शंभरात नऊसुद्धा नाहीत. बाकी सगळे कुणी पूजासाहित्यवाले, कुणी आंबेवाले, कुणी दिवाळीत कंदील विकणारे. हे आकडे फक्त हिशेब दाखवायला घेतले आहेत, कुठल्या बँकेचे नाहीत. पण चोर थोडे आणि साव पुष्कळ असले की हा हिशेब असाच निघतो. म्हणून इशारा उमटल्यावर खातं काही तास थांबवणं मला समजू शकतं. ज्याची आयुष्यभराची पुंजी चोरीला गेली आहे त्याच्यासाठी ते काही तास मोलाचे असतात. त्यानंतर खातेदाराला काहीच न सांगता आठवडेच्या आठवडे बसवून ठेवणं मात्र मला अजिबात मान्य नाही. शंभरातले नव्वद निर्दोष निघणार हे बँकेला ठाऊक असताना त्या नव्वदांसाठी उत्तर द्यायची सोय ठेवणं हे तिचंच काम आहे.

खातं गोठायची दुसरी वाट बँकेबाहेरून येते. फसवणूक झालेला माणूस १९३० या क्रमांकावर फोन करतो किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवतो. केंद्रीय गृहखात्याच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राच्या यंत्रणेतून ती तक्रार संबंधित बँकेकडे जाते. पैसा कुठे गेला ते ती बँक पाहते आणि पुढच्या बँकेला कळवते, ती त्याच्या पुढच्या बँकेला. बँकेतली आणि सायबर पोलिसांतली माणसं या टप्प्यांना 'लेयर' म्हणतात. चोरानं लुबाडलेले पैसे पहिल्या खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात नेले आणि तिसऱ्या खात्याच्या धन्यानं त्यातूनच ११०० रुपये देऊन घरच्या गणपतीचं बुकिंग केलं, की दुकानदाराचं खातं चौथ्या लेयरवर येतं. त्यानं मूर्ती विकली, पावती दिली. देणाऱ्याच्या खिशातले पैसे कुठून आले हे त्याला कळायचा काही मार्गच नव्हता.

या वाटेला कायद्याचा आधार आहे. १९९९ मध्ये 'महाराष्ट्र शासन विरुद्ध तापस नियोगी' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की बँक खातं ही मालमत्ता आहे आणि तपासासाठी पोलीस ते गोठवू शकतात. तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०२ होतं. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे. या कलमाखाली जप्ती केली तर पोलिसांनी न्यायदंडाधिकाऱ्याला ताबडतोब कळवायचं असतं, ही अटही त्यातच लिहिलेली आहे.

संशय ११०० रुपयांचा आणि बंद मात्र २ लाख ३६ हजार, हा खरा अन्याय आहे आणि न्यायालयांनी तो ओळखलाही आहे. केरळमध्ये यूपीआयनं पैसे घेतलेल्या अनेकांची खाती अशी गोठली, तेव्हा २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं बँकांना सांगितलं की पोलिसांच्या पत्रात जेवढी रक्कम लिहिली आहे तेवढ्यापुरतंच गोठवा. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे छोले-भटुरे विकणाऱ्या एकाचं प्रकरण आलं. त्याच्या खात्यात वादाची रक्कम आली होती १०५ रुपये. त्यापायी लाखाहून अधिक रुपये अडकले होते. न्यायालयानं १०५ रुपये बाजूला ठेवून खातं मोकळं करायला सांगितलं. हे आदेश त्या त्या अर्जदारांपुरते आहेत आणि महाराष्ट्रातल्या शाखेवर ते आपोआप लागू होत नाहीत. पण पत्रात त्यांचा उल्लेख आला की बँकेच्या कायदा विभागापर्यंत पत्र जायची शक्यता वाढते.

पत्र लिहायच्या आधी दोन कामं घरबसल्या होतात. पहिलं म्हणजे अडकलंय काय ते नीट पाहायचं. ॲपमध्ये एकूण शिल्लक आणि वापरता येणारी शिल्लक वेगवेगळी दिसते. दोन्हींत फक्त ११०० रुपयांचा फरक असेल आणि बाकी व्यवहार चालत असतील, तर ती तेवढ्या रकमेवरची 'लियन' आहे. पैसे येतात पण जात नाहीत, तर 'डेबिट फ्रीझ'. येतही नाहीत आणि जातही नाहीत, तर पूर्ण बंदी. डेबिट फ्रीझ सगळ्यात फसवी, कारण काउंटरवरचा क्यूआर कोड चालूच असतो आणि दर गिऱ्हाइकागणिक आणखी पैसे अडकत जातात. तो कोड त्या दिवशीच उतरवावा. दुसऱ्या खात्यात पैसे घ्यायचे तर ते खुशाल घ्यावेत, पण तसं पत्रात लिहून टाकावं. नंतर कुणी म्हणायला नको की खातं अडकल्यावर यानं गुपचूप वाट बदलली.

दुसरं काम किचकट आहे, पण निकाल त्यावरच लागतो. खात्याचा उतारा आणि पावती पुस्तक समोरासमोर ठेवायचं. प्रत्येक यूपीआय व्यवहाराला बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो. वहीत चार रकाने आखायचे: तारीख, रक्कम, संदर्भ क्रमांक, पावती क्रमांक. पाचव्यात काय विकलं ते दोन शब्दांत, 'दीड फुटी, शाडू' किंवा 'एक फुटी, लालबाग बैठक'. २४३ नोंदींतल्या दोनशे तीस जरी अशा जुळल्या तरी बँकेतल्या तपासणाऱ्याला जे हवं ते मिळालं, कारण भाड्याच्या खात्याला पावती पुस्तक नसतं. न जुळलेल्या तेरा लपवू नयेत, त्या वेगळ्या दाखवाव्यात. वादातला व्यवहार बहुतेक त्यांतच सापडतो, आणि तो आपणच आधी दाखवलेला बरा. जोडीला मूर्तिकाराची बिलं, दुकानाचा गुमास्ता परवाना, उद्यम नोंदणी आणि मंडपासाठी महापालिकेची परवानगी लावावी. जीएसटी क्रमांक नसला तर घाबरायचं कारण नाही. नुसता माल विकणाऱ्याला आपल्या राज्यात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. पत्रात तसं एक वाक्य लिहावं म्हणजे झालं.

आता पत्र. आपल्या दुकानदाराचं पत्र असं असेल:

दिनांक : १९ ऑगस्ट २०२५

प्रति,
शाखा व्यवस्थापक, डोंबिवली शाखा
प्रत : मुख्य नोडल अधिकारी, तक्रार निवारण विभाग

विषय : चालू खाते (शेवटचे चार अंक ४४१७) कारण न कळवता थांबवल्याबद्दल तक्रार

महोदय,

हे पत्र विनंती म्हणून नव्हे, तर तक्रार म्हणून नोंदवावे व मला तक्रार क्रमांक द्यावा.

१८ ऑगस्ट २०२५ रोजी दुपारपासून माझ्या वरील खात्यातून एकही रक्कम बाहेर जात नाही. जमा मात्र होते आहे. त्या वेळी शिल्लक रु. २,३६,४०० होती. मला एसएमएस, ईमेल किंवा पत्र यांपैकी काहीही आलेले नाही. शाखेत चौकशी केली असता "सिस्टीमने थांबवले आहे" एवढेच सांगण्यात आले.

कृपया पुढील बाबी लेखी कळवाव्यात.

१. खाते बँकेने स्वतःच्या तपासणी यंत्रणेच्या आधारे थांबवले आहे, की पोलीस अथवा अन्य शासकीय यंत्रणेच्या आदेशावरून?

२. बाहेरील आदेश असल्यास त्याची तारीख, क्रमांक, पोलीस ठाणे, तपास अधिकाऱ्याचे पद व संपर्क, सायबर पोर्टलवरील तक्रारीचा क्रमांक, आणि त्या आदेशात लिहिलेली नेमकी रक्कम. आदेशाची प्रत द्यावी.

३. बँकेचा स्वतःचा निर्णय असल्यास कोणते व्यवहार तपासायचे आहेत, त्यांच्या तारखा व रकमा, आणि माझ्याकडून कोणती कागदपत्रे हवी आहेत.

४. बंदी केवळ रक्कम बाहेर जाण्यावर आहे की संपूर्ण खात्यावर, आणि हे प्रकरण तपासणाऱ्या अधिकाऱ्याचे पद व ईमेल.

माझा व्यवसाय पूजासाहित्य विक्रीचा असून गणेशोत्सवापूर्वी मी मूर्तींचे बुकिंग घेतो. २५ जुलै ते १८ ऑगस्ट या काळात २४३ नोंदींद्वारे रु. ५,४०,००० जमा झाले. त्यांपैकी २३० नोंदींचा पावती क्रमांक व यूपीआय संदर्भ क्रमांक यांचा तक्ता जोडला आहे. उरलेल्या १३ नोंदी स्वतंत्र दाखवल्या आहेत. याच काळातील रु. ३,२८,००० च्या खर्चाची बिले व मजुरीच्या सह्यांची यादी जोडली आहे. मागील दोन वर्षांचे याच महिन्यांतील उतारे सोबत आहेत. त्यांत हाच नमुना दिसेल.

तपासाला माझा विरोध नाही. वादातील रक्कम आपण बाजूला ठेवावी व उर्वरित रक्कम त्वरित मोकळी करावी. गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आहे. २१ ऑगस्टपर्यंत मूर्तिकाराचे रु. ८५,००० न दिल्यास ११० गिऱ्हाइकांच्या मूर्ती मला देता येणार नाहीत. हे नुकसान टाळण्यासाठी तोपर्यंत निर्णय व्हावा. नुकसान झाल्यास बँकेच्या भरपाई धोरणाप्रमाणे मागणी करण्याचा माझा हक्क राखून ठेवत आहे.

१९ ऑगस्टपासून काउंटरवरील या खात्याचा क्यूआर कोड मी काढला असून नवीन बुकिंगची रक्कम माझ्याच नावाच्या दुसऱ्या खात्यात घेत आहे. त्याचा तपशील जोडला आहे.

आपला,
(सही, मोबाइल क्रमांक, दुकानाचा पत्ता)

या पत्रात काही शब्द मुद्दाम घातले आहेत. 'विनंती नव्हे, तक्रार' हे पहिलंच वाक्य घ्या. कॉल सेंटरवर फोन केला की बऱ्याचदा तो 'सर्व्हिस रिक्वेस्ट' म्हणून नोंदवला जातो. विनंती दोन दिवसांत बंद होते आणि तक्रारीची मुदत सुरूच होत नाही. म्हणून शाखेत दोन प्रती न्याव्यात, एकीवर तारखेसह शिक्का आणि सही घ्यावी, आणि त्याच दिवशी तेच पत्र नोडल अधिकाऱ्याला ईमेल करावं. त्याचा पत्ता प्रत्येक बँकेच्या संकेतस्थळावर आणि शाखेतल्या फलकावर असतो. पत्र मराठीत चालतं. आकडे, तारखा आणि संदर्भ क्रमांक तेवढे स्पष्ट हवेत.

८५ हजार आणि ११० मूर्ती हे आकडेही तसेच मुद्दाम आहेत. 'माझं फार नुकसान होतंय' हे कुणीही लिहितं. कुठल्या तारखेला किती रुपये न मिळाल्यानं काय बुडणार हे आधी लेखी कळवलेलं असलं, तर पुढे भरपाई मागताना बँकेला 'आम्हाला कल्पना नव्हती' म्हणता येत नाही. २१ तारखेची मुदत बँकेवर बंधनकारक नाही, हे लक्षात ठेवावं. पण तातडी किती आहे त्याची नोंद तिच्यामुळे कागदावर राहते.

बँकेकडून एक उत्तर हमखास येतं: "ही बाब गोपनीय आहे." यात थोडं तथ्य आहे. एखादा व्यवहार संशयास्पद वाटला तर बँकेला त्याचा अहवाल दिल्लीच्या वित्तीय गुप्तवार्ता एककाकडे पाठवावा लागतो, आणि असा अहवाल पाठवला हे खातेदाराला सांगायला कायद्यानं मनाई आहे. शाखेतल्या कुणाला ते ठाऊक असलं तरी तो सांगू शकत नाही. म्हणूनच वरच्या पत्रात अहवालाबद्दल एक अक्षरही विचारलेलं नाही. पण ही गोपनीयता अहवालापुरती आहे. रिझर्व्ह बँकेच्या केवायसीविषयक निर्देशांत याच अहवालाच्या संदर्भात स्पष्ट लिहिलंय की केवळ असा अहवाल पाठवला म्हणून खात्याच्या व्यवहारांवर निर्बंध घालू नयेत. 'गोपनीय' असं उत्तर आलं तर दुसऱ्या पत्रात एवढंच लिहावं: आपण अहवाल पाठवला की नाही हे मी विचारत नाही. निर्बंध कुठल्या आधारावर घातला ते विचारतो आहे, आणि केवळ अहवालावरून निर्बंध घालता येत नाही हे केवायसी निर्देशांतच आहे. बँकेच्या अनुपालन विभागाला हे वाक्य चांगलं ओळखीचं असतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आलं की वाटा वेगळ्या होतात. बँकेचा स्वतःचा निर्णय असेल तर कागद बघून ती स्वतःच तो मागे घेऊ शकते, आणि न घेतल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. १२ नोव्हेंबर २०२१ ला सुरू झालेल्या एकात्मिक लोकपाल योजनेनुसार आधी बँकेकडे तक्रार करायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, की cms.rbi.org.in वर किंवा चंदिगडच्या केंद्राकडे टपालानं तक्रार द्यायची. वकील लागत नाही, शुल्क नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. मधल्या काळात आणखी एक दार असतं. बँक तक्रार पूर्ण किंवा अंशतः फेटाळणार असेल तर ती आधी बँकेतल्याच अंतर्गत लोकपालापुढे जायला हवी. नकाराच्या पत्रात त्याचा उल्लेख नसेल तर तेही विचारावं.

पोलिसांच्या आदेशावरून खातं गोठलं असेल तर लोकपालाची वाट जवळपास बंद होते. योजनेतच लिहिलंय की कायदा राबवणाऱ्या यंत्रणेच्या आदेशानुसार बँकेनं केलेल्या कारवाईविरुद्धची तक्रार तिथे घेतली जात नाही. पुष्कळ माणसं हे न कळल्यामुळे महिनाभर बँकेच्या उत्तराची आणि पुढे लोकपालाची वाट पाहतात, आणि शेवटी 'आमच्या कक्षेत नाही' असं एका ओळीचं पत्र हातात पडतं. पत्रातला पहिला प्रश्न सगळ्यात वर ठेवायचा तो यासाठी. आदेश पोलिसांचा आहे हे कळलं की तोच तक्ता, त्याच पावत्या तपास अधिकाऱ्याला ईमेलनं पाठवायच्या आणि लिहायचं की वादातली रक्कम रोखून ठेवायला माझी हरकत नाही, बाकीचं खातं मोकळं करण्याबद्दल बँकेला कळवावं. पोलीस ठाणं परराज्यातलं असतं तेव्हा हीच अडचण डोंगराएवढी होते. डोंबिवलीच्या दुकानदारानं ऐन हंगामात दुकान टाकून तेलंगण किंवा राजस्थान गाठायचं कसं? म्हणून लेखी व्यवहार आधी पूर्ण करावा, आणि त्यानं भागलं नाही तरच वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्याकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज किंवा उच्च न्यायालयात याचिका, असा क्रम ठेवावा. ज्यानं ११०० रुपये दिले त्याला ते परस्पर परत पाठवून मोकळं व्हायचा मोह होतो. तसं करू नये. तो पैसा ज्याचा लुबाडला गेला त्याला मिळायला हवा, आणि परस्पर परत केलेली रक्कम तपासात साखळीचा आणखी एक दुवा म्हणून दिसते. 'हजार रुपयांत खातं सोडवून देतो' असं फोनवर सांगणारे लोकही याच काळात गाठतात. त्यांना ओटीपी किंवा पैसे दिले तर दुसरी फसवणूक होते.

आपल्या दुकानदाराचं पत्र १९ ऑगस्टला पोचलं. तीस दिवस १८ सप्टेंबरला पुरे होतात, आणि अनंत चतुर्दशी त्याआधीच, ६ सप्टेंबरला आहे. म्हणजे तक्रारीची सगळी व्यवस्था तिच्या नियमाप्रमाणे वेळेत चालली तरी त्याचा हंगाम बुडालेला असेल. हंगामी व्यापाऱ्यासाठी ही व्यवस्था पुरी पडत नाही, हे मी स्पष्ट लिहितो. यंत्र खातं क्षणात थांबवतं, तर त्या थांबण्याचं कारण निदान तीन दिवसांत एका माणसानं सांगावं, एवढी मुदत बँकांवर बांधून द्यायला हवी. तोवर हातात उरतं ते पत्रातलं अंतरिम मागणं: वादातली रक्कम ठेवा, बाकी सोडा. बऱ्याच प्रकरणांत सगळ्यात लवकर मान्य होण्यासारखं तेच असतं, कारण त्यात बँकेला कुणाला निर्दोष ठरवावं लागत नाही.

खातं मोकळं झालं की तसं लेखी घ्यावं, आणि खात्यावरचा इशाऱ्याचा शेराही काढला का ते विचारावं. शेरा तसाच राहिला तर पुढच्या छोट्या कारणानं पुन्हा तेच होतं. बंदीच्या काळात कर्जाचा हप्ता परत गेला असेल, तर त्याचा दंड माफ करण्यासाठी आणि पतमाहिती कंपन्यांकडे गेलेली नोंद दुरुस्त करण्यासाठी हेच पत्र आधार म्हणून जोडता येतं. पुढच्या हंगामाआधी, जूनमध्ये, शाखेत जाऊन खात्याच्या माहितीत उलाढालीचा आकडा बदलून घ्यावा. नऊ लाखांच्या जागी खरा आकडा, आणि सोबत एक ओळ: 'दरवर्षी श्रावण-भाद्रपदात गणेशमूर्ती बुकिंग, अंदाजे सहा लाख, २५० गिऱ्हाईक.' त्याचीही शिक्क्याची प्रत जपून ठेवावी.